होस्टेलच्या टेबलावरून पेन्सिल पोर्ट्रेट: फोटो निवडण्यापासून पैसे हातात येईपर्यंत

हात चांगला असलेल्या मुलाला किंवा मुलीला होस्टेलवर सगळेच सल्ले देतात. टी-शर्ट रंगव, भिंती रंगव, कॅनव्हास कर, स्टिकर छाप. यातल्या बहुतेक धंद्यांना एक तर ओला रंग वाळवायला जागा लागते, नाही तर माल आधी छापून पलंगाखाली साठवावा लागतो. तीन जणांच्या खोलीत दोन्ही जमत नाही. शिवाय छापलेला माल विकला गेला नाही, तर महिन्याचा हातखर्च त्यातच अडकून बसतो.

म्हणून मी एकच धंदा सुचवतो: फोटोवरून पेन्सिलीत पोर्ट्रेट, ए४ कागदावर, ऑर्डर आल्यावरच. याला वास नाही, आवाज नाही, वाळवणं नाही. चित्राखालचा पाट उचलून उभा ठेवला की टेबल मोकळं. हे काम बुडतं ते सहसा चित्र वाईट झाल्यामुळे नाही. चुकीचा फोटो घेतला जातो, वेळेचा अंदाज चुकतो आणि पैशांची गोष्ट उशिरा निघते. त्यामुळे या लेखात रेखाटनापेक्षा या तीन गोष्टींवर जास्त वेळ घालवणार आहे.

सामान किती घ्यायचं

चोवीस पेन्सिलींचा डबा घेऊ नका. एचबी, २बी, ४बी आणि ८बी अशा चार सुट्या पेन्सिली पुरतात. त्यासोबत मळून आकार देता येणारं निडेबल रबर, एक साधं पांढरं रबर, शेड पसरवायला घट्ट गुंडाळलेल्या कागदाचे दोन ब्लेंडिंग स्टंप आणि धूळ झटकायला मऊ ब्रश. कागद २०० जीएसएमच्या आसपासचा, गुळगुळीतकडे झुकणारा. खरखरीत कागदावर लहान चेहऱ्याची त्वचा दाणेदार दिसते आणि माणूस उगाच म्हातारा होतो. अगदी चकचकीत कागदही नको, कारण त्यावर ग्रॅफाइट धरत नाही आणि दुसरा थर बसतच नाही.

अजून एक पेन्सिल घ्यायची ती काळ्या कार्बनची किंवा चारकोलची. ग्रॅफाइट जोरात घासलं की ते काळं होण्याऐवजी चमकायला लागतं, आणि बाजूने पाहिलं की केसांचा भाग चंदेरी दिसतो. डोळ्यांच्या बाहुल्या आणि केसांमधली सगळ्यात गडद जागा तेवढी कार्बनने भरायची. मात्र ती आधी, ग्रॅफाइटचा थर बसायच्या आत. चकचकीत ग्रॅफाइटवरून कार्बन घसरतो.

पाट म्हणून ए३ मापाचे दोन हार्डबोर्ड घ्या. एकावर काम करायचं आणि काम थांबलं की दुसरा वरून ठेवून चार क्लिपा लावायच्या. हा जोड कपाटामागे उभा राहतो. गादीखाली चित्र ठेवायचा मोह होतो, पण कुणीतरी बसतंच आणि कागदाला पोक येतं.

दिवा लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला हवा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. क्लिपवाला, मान वाकणारा दिवा घ्या. रात्री अकरानंतर रूममेटच्या डोळ्यांवर उजेड आला, तर धंदा आठवडाभरही टिकणार नाही. तरीही शेडिंग शक्यतो दिवसा करा, कारण पिवळ्या उजेडात मधल्या छटा फसवतात. आणि होस्टेलचे नियम आधी वाचून घ्या. बऱ्याच ठिकाणी खोलीतून व्यवसाय करायला किंवा बाहेरच्या माणसाने खोलीत यायला मनाई असते. ग्राहकाला खोलीवर न बोलावता चित्र बाहेर नेऊन द्यायचं, हे आपण स्वतःच ठरवलेलं बरं.

नमुने कुणाचे काढायचे

जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात सिनेनटापासून करतो. त्याचा उपयोग कमी. नटाचा चेहरा लोकांच्या इतका ओळखीचा असतो की चित्र थोडं चुकलं तरी ओळखू येतो. ग्राहकाला पाहायचं असतं की ह्याला माझ्या आजीचा चेहरा जमेल का. म्हणून तीन ओळखीच्या माणसांची परवानगी घेऊन तीन नमुने करा: एक सुरकुत्या असलेला म्हातारा चेहरा, एक चष्मेवाला आणि एक लहान मूल.

मूल मुद्दाम सांगतोय. मुलाच्या चेहऱ्यावर सावल्या कमी असतात, त्यामुळे धरायला काही सापडत नाही. नाकाच्या बाजूने खाली येणारी एक रेघ जरा गडद झाली की पाच वर्षांचं पोर पंचविशीचं दिसतं. दातांचंही तसंच. दोन दातांमध्ये रेघ ओढली की हसरा चेहरा भेसूर होतो. दातांची एकत्र पांढरी पट्टी ठेवून फक्त हिरड्यांकडची आणि ओठांच्या कोपऱ्यातली सावली द्यायची.

नमुना दाखवताना मूळ फोटो आणि चित्र शेजारी शेजारी ठेवा. नुसतं सुंदर चित्र पाहून लोक कौतुक करून निघून जातात, जोडी पाहिली की स्वतःचा फोटो शोधायला लागतात. तीनही नमुन्यांना किती वेळ लागला ते टप्प्यांनुसार लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्या नोंदीवर उभा राहणार आहे.

फोटो नाकारता आला पाहिजे

ऑर्डरचं भवितव्य पेन्सिल उचलायच्या आधी ठरतं. फोटो आला की डोळा पूर्ण स्क्रीनभर मोठा करून पाहा. पापणीची कड आणि डोळ्याचा पांढरा भाग वेगळे दिसत नसतील, तर तो फोटो चालणार नाही. मोजायचंच असेल, तर एका डोळ्याची रुंदी निदान १०० पिक्सेल असावी. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला फोटो बऱ्याचदा दाबून लहान झालेला असतो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं की पुष्कळदा प्रश्न तिथेच सुटतो.

दुसरी अडचण सेल्फीची. कॅमेरा हातभर अंतरावर असला की नाक मोठं येतं आणि कान मागे जातात. डोळा हे फोटोत खपवून घेतो, कागदावर मात्र तेच खटकतं. ग्राहक म्हणतो, ‘नाक जरा मोठं झालंय का?’ आणि तुम्ही तर फोटोबरहुकूम काढलेलं असतं. दीड-दोन मीटरवरून दुसऱ्या कुणीतरी काढलेला फोटो मागा. समोरून फ्लॅश मारलेला फोटोही टाळा, कारण त्यात गालाची सावलीच नसते आणि चेहऱ्याला गोलाई द्यायला काही उरत नाही.

तिसरी गोष्ट मापाची, आणि ती ग्राहकाला समजावून सांगावी लागते. डोळ्याची रुंदी डोक्याच्या उंचीच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढी असते. डोकं १५ सेंटीमीटर उंच काढलं तर डोळ्याला जेमतेम २ सेंटीमीटर मिळतात. तेच डोकं ५ सेंटीमीटरचं झालं की डोळा ७ मिलिमीटरचा होतो. तिथे पेन्सिलीचं टोक अर्धा मिलिमीटर सरकलं तरी माणूस बदलतो. म्हणून ए४ वर दोन चेहरे घ्यायचे, तीन नाहीत. ‘आमच्या अख्ख्या ग्रुपचं काढ’ या मागणीला सरळ नाही म्हणायचं. ए३ वर जागा दुप्पट मिळते, पण वेळही जवळपास दुप्पट जातो.

एक ऑर्डर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

धरून चालू, वर्गातल्या एका मुलीला गेलेल्या आजोबांसोबत स्वतःचं चित्र हवंय. दोघांचा एकत्र फोटो नाही. आजोबांचा फक्त पासपोर्ट आकाराचा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो आहे. तिचे फोटो फोनमध्ये शेकड्याने आहेत.

आजोबांच्या फोटोचा मोबाईलने फोटो काढून घेऊ नका, त्यात चमक आणि तिरकेपणा येतो. तो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. फोटोत डोळा साडेचार मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे या स्कॅनमध्ये तो साधारण १०५ पिक्सेलचा होतो. कसोटीला जेमतेम उतरतो. डीपीआय आणखी वाढवलं तरी तपशील वाढणार नाही, कारण जे मूळ कागदावरच नाही ते स्कॅनर कुठून आणणार?

आता उजेड. पासपोर्ट फोटोत आजोबांच्या डाव्या गालावर हलकी सावली आहे, म्हणजे उजेड उजवीकडून आलाय. मुलीचा फोटो निवडताना तिचा सगळ्यात सुंदर फोटो शोधायचा नाही, ज्यात उजेड त्याच बाजूने आणि तितकाच सौम्य आहे तो शोधायचा. दोन चेहऱ्यांवर दोन दिशांनी उजेड असला, तर ते शेजारी बसलेले वाटत नाहीत, चिकटवलेले वाटतात. फोटो आडवा उलटवून दिशा जुळवता येते, पण मग भांग आणि तीळ दुसऱ्या बाजूला जातात. घरच्यांना काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चुकलंय हे मात्र लगेच जाणवतं.

कागदावर १८ बाय २४ सेंटीमीटरची चौकट आखा. हे माप दोन कारणांसाठी. मोबाईलचा फोटो बहुतेक वेळा ३:४ प्रमाणात असतो, तो यात न कापता बसतो. आणि ए४ वर बाजूंना दीड आणि वर-खाली पावणेतीन सेंटीमीटरहून थोडी जास्त जागा उरते, जी फ्रेमच्या कडेखाली जाते. फोनवरच दोन्ही चेहरे या चौकटीत मांडा, डोकी साधारण ९ सेंटीमीटर उंच येतील अशी. आजोबांचं डोकं किंचित मोठं आणि वर ठेवा. ही मांडणी ग्राहकाला पाठवायची. हा पहिला होकार. चष्मा ठेवायचा की काढायचा, पांढरे केस तसेच ठेवायचे का, कपडे कुठले, सगळं आत्ताच विचारून लेखी घ्यायचं. ‘रंग जरा उजळ कर’ ही मागणीही इथेच निघू द्या. चेहऱ्याच्या मधल्या छटा काढून टाकल्या तर गोलाई जाते आणि त्यासोबत साम्यही जातं, हे आधी सांगितलं तर पटतं, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

मग मांडणीची ९ बाय १२ सेंटीमीटरची प्रिंट काढून तिच्यावर दीड सेंटीमीटरचे चौकोन आखा आणि कागदावर ३ सेंटीमीटरचे. आडवे ६, उभे ८, एकूण ४८ चौकोन. डोळे-नाक-ओठ येतात तेवढ्याच चौकोनांचे आणखी चार भाग करा. रेघा एचबीने, पेन्सिल अगदी सैल धरून ओढायच्या. फिकी रेघ यावी म्हणून काही जण मुद्दाम कडक २एच वापरतात. तिची कागदावर खाच पडते, आणि शेडिंग केल्यावर आजोबांच्या गालावर पांढरी सरळ रेघ उमटते. ती खाच कुठल्याही रबराने जात नाही.

काही जण बाह्यरेषा ट्रेस करतात. माझ्या मते त्यात गुन्हा नाही, कुणी विचारलं तर खरं सांगावं. पण ट्रेसिंगने सेल्फीतलं मोठं नाकही इमानदारीत उतरतं, आणि रेषा कळलेली नसली की शेडिंगमध्ये चेहरा हातून निसटतो.

बाह्यरेषा झाली की तीन अंतरं तपासा: दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं, नाकाच्या खालच्या टोकापासून वरच्या ओठापर्यंतचं, आणि ओठांच्या मधल्या रेघेपासून हनुवटीपर्यंतचं. साम्य हरवतं ते बहुतेक या तिघांपैकी एकात. मग कागद उलटा करून पाहा, फोटोही उलटा करा. सरळ चेहरा मेंदू समजुतीने दुरुस्त करून घेतो, उलटा असला की वाकडेपणा उघडा पडतो. समाधान झालं की बाह्यरेषेचा फोटो ग्राहकाला पाठवा. हा दुसरा आणि शेवटचा होकार. यानंतर चेहऱ्याच्या ठेवणीत बदल नाही, हे ऑर्डर घेतानाच सांगितलेलं असावं. कारण साधं आहे: शेडिंग केलेली जागा खोडली की कागदाचा पृष्ठभाग सोलवटतो आणि पुढचा थर तिथे डाग होऊन बसतो.

शेडिंग वरून खाली, आणि उजव्या हाताने लिहीत असाल तर डावीकडून उजवीकडे. हाताखाली कोरा कागद ठेवायचाच, कारण तळव्याचं तेल आधी दिसत नाही, शेड चढवताना गडद ठसा होऊन वर येतं. रबराचे कण फुंकरीने उडवू नका, थुंकीचा बारीक थेंब पडला तरी तिथे डाग राहतो. बोटानेही शेड पुसू नका, स्टंप वापरा.

वेळ आणि किंमत

वरच्या ऑर्डरला लागणारा वेळ असा पकडा: फोटो पाहणं, बोलणं आणि स्कॅन यात एक तास. मांडणी आणि चौकोनांत एक तास. दोन बाह्यरेषांना दोन. आजोबांच्या चेहऱ्याला साडेतीन, मुलीच्या चेहऱ्याला तीन. केस आणि कपड्यांना दोन. शेवटची सफाई, फोटो आणि पॅकिंग मिळून एक. एकूण साडेतेरा तास. अंदाजाने सांगायला गेलात तर तुम्ही आठ म्हणाल, कारण आपण फक्त पेन्सिल चालते तो वेळ धरतो.

एका तासाची किंमत कशी ठरवायची? तोच तास शिकवणी किंवा दुसऱ्या अर्धवेळ कामात घातला असता तर जे मिळालं असतं, ते एक माप धरा. साडेतेरा तासांचे साडेतेरा. कागद, प्रिंट आणि पॅकिंगचं एक. आणि बिघडलेल्या चित्रांसाठी दीड, कारण दहा-बारातलं एक चित्र पुन्हा काढावं लागतं आणि त्याचा खर्च बाकीच्यांवर पसरावाच लागतो. मिळून १६ मापं. एका चेहऱ्याला आठ तास लागत असतील, तर याच हिशेबाने १० मापं होतात. ग्राहकाला तास सांगायचे नाहीत, चेहऱ्यावर दर सांगायचा. दुसरा चेहरा पहिल्याच्या साठ टक्के, आणि हात दिसत असतील तर प्रत्येक हात अर्ध्या चेहऱ्याएवढा धरायचा. पाच बोटं नीट जमवायला एका डोळ्यापेक्षा जास्त वेळ जातो.

सुरुवातीला कमी घ्यायला हरकत नाही, पण ते सांगून घ्या: दर सोळा, पहिल्या पाच जणांना बारा. नुसतं बारा सांगितलं तर तोच तुमचा दर होऊन बसतो. होस्टेलमध्ये तो आकडा एका रात्रीत सगळ्या मजल्यांवर पोहोचतो.

निम्मे पैसे आधी, मग स्कॅन. जवळच्या मित्राकडूनही. उरलेले निम्मे, चित्राचा फोटो दाखवल्यावर आणि चित्र हातात देण्याच्या आधी. हा दाखवायचा फोटो खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात काढा. समोरून उजेड आला की ग्रॅफाइट चमकतं आणि केस राखाडी दिसतात.

आठवड्याला अभ्यास सांभाळून तुम्हाला आठ तास मिळत असतील, तर साडेतेरा तासांचं काम पावणेदोन आठवड्यांचं. ग्राहकाला तीन आठवडे सांगा. वाढदिवसाची ऑर्डर असेल तर तारीख आधी विचारा आणि बसत नसेल तर घेऊ नका. उशिरा पोहोचलेल्या भेटीचे पैसे मागताना जीभ अडखळते. परीक्षेच्या तीन आठवडे आधी नवीन ऑर्डर बंद.

फिक्सेटिव्ह आणि पॅकिंग

ग्रॅफाइट पुसलं जाऊ नये म्हणून चित्रावर मारायचा फिक्सेटिव्हचा स्प्रे ज्वलनशील असतो आणि त्याचा वास उग्र असतो. खोलीत तो कधीही मारायचा नाही. वारा नसताना गच्चीवर, सुमारे ३० सेंटीमीटरवरून, दोन-तीन हलके हात, आणि आधी रद्दी शेडिंगवर चाचणी. जवळून मारला तर थेंबांचे ठिपके पडतात. केसांचा स्प्रे स्वस्त पडतो म्हणून बरेच जण तो वापरतात, पण कालांतराने कागद पिवळा पडतो. गच्चीही नसेल तर फिक्सेटिव्ह वगळा. चित्रावर बटर पेपर ठेवून त्याची वरची कड मागच्या पुठ्ठ्याला चिकटवा, म्हणजे तो घासणार नाही. आणि ग्राहकाला सांगा की फ्रेम करताना मधे पुठ्ठ्याच्या चौकटीचं माउंट घालून काच चित्रापासून दूर ठेवायची.

देताना चित्र दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, चारही कोपऱ्यांना कागदी खिसे करून. चित्राला थेट चिकटपट्टी कधीच नाही. गुंडाळी करून दिलं तर शेड समोरच्या पाठीवर उतरते.

‘तसे दिसत नाहीत’ असं ती मुलगी म्हणाली तर

हे वाक्य कधीतरी ऐकावं लागणारच. लगेच दुरुस्ती करायला बसू नका. ‘कुठे?’ असं विचारा, आणि चित्राचा फोटो मूळ फोटोवर अर्धपारदर्शक ठेवून पाहा. रेषा कुठे सरकली असेल तर चूक तुमची. निडेबल रबराने टिपून जमतं का पाहा, नाहीतर नव्याने काढा. ते दीड माप त्यासाठीच धरलं होतं. रेषा तंतोतंत बसत असतील, तर तिच्या आठवणीतले आजोबा आणि पासपोर्ट फोटोतले आजोबा वेगळे आहेत. फोटो काढताना ते ताठ बसले होते, घरी तसे कधी बसले नसतील. अशा वेळी दुसरा फोटो मागायचा, धूसर असला तरी चालेल. नुसते ओठांचे कोपरे आणि पापण्यांची खालची कड तो पाहून सौम्य करायची. अर्ध्या तासाचं काम असतं. ते मी वेगळे पैसे न घेता करतो.